परदेशातल्या विरळ उपनगरात मुलांच्या गाडीवाचून कसं फिरलात? अनुभव सांगा

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहायला जाणार आहोत. तिथे आधी एकदा राहून आलोय, म्हणून नेमकी अडचण काय ते माहीत आहे. कोल्हापुरात घराबाहेर पाऊल टाकलं की रिक्षा मिळते, नाहीतर केएमटीचा थांबा असतो. तिथे लेक-जावई कामावर गेले की आम्ही घरातच. डॅलस परिसरातली बससेवा आणि रेल्वे डार्ट चालवते. तिची सदस्य शहरं एक टक्का विक्रीकर डार्टला देतात. फ्रिस्को, मॅकिनी सदस्य नाहीत, त्यामुळे डार्टच्या बसचे मार्ग तिथे नाहीतच. चालत जावं तर दुकान दोन-अडीच किलोमीटरवर, मध्ये सहा पदरी रस्ता, आणि जुलैत पारा सहज 38 अंशांच्या वर.

तेव्हा राहतात उबर किंवा लिफ्ट या ॲपवर बोलवायच्या गाड्या आणि कुणीतरी न्यायला येणं. गाडी बोलवायला मी शिकले, त्यात अवघड काही नाही. खरी अडचण दोनच ठिकाणी येते: गाडी नेमकी कुठे उभी राहणार आणि परतताना मिळणार का. तुमच्याकडे याबद्दल जे असेल ते लिहा. अमेरिकाच हवी असं नाही.

– ताराबाई पार्क

राजारामपुरी ७वी गल्ली:
ताई, पहिल्या अडचणीवर सविस्तर लिहितो, कारण मुलाकडे प्लेनोत राहताना मी तिच्याच मागे लागलो होतो.

तिथल्या वसाहतींत बऱ्याच घरांची मागची बाजू मोठ्या रस्त्याला लागून असते आणि मध्ये विटांची उंच भिंत. घराचं तोंड आत, वळणावळणाच्या गल्लीत. तुम्ही परसात किंवा स्वयंपाकघरात उभं राहून ‘सध्याचं ठिकाण’ वापरून गाडी बोलावली, तर ॲपला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे भिंतीपलीकडचा तो मोठा रस्ता वाटतो. ड्रायव्हर तिथे थांबतो. तुम्ही दारात उभे, नकाशावर गाडी पन्नास फुटांवर, आणि मध्ये ती भिंत. वळसा घालून आत यायचं तर त्याला पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन वसाहतीच्या तोंडाशी यावं लागतं. साध्या राइडला गाडी आल्यावर साधारण 2 मिनिटं फुकट थांबते, मग थांबण्याचे पैसे सुरू होतात. साधारण 7 मिनिटांनी तो ‘प्रवासी आला नाही’ म्हणून निघून जाऊ शकतो आणि रद्द केल्याचे पैसे तुमच्याकडून कापले जातात.

उपाय असा. गाडी मागवायच्या आधी ॲपच्या नकाशावरची खूण बोटाने सरकवून घराच्या पुढच्या गल्लीवर आणायची. नकाशा मोठा करून गल्लीचं नाव वाचायचं, नुसता घराचा आकार बघून भागत नाही. मग तेच ठिकाण ‘घर’ म्हणून साठवून ठेवायचं. तरीही गाडी निघाल्यावर तिचा बाण बघत राहा. तो मोठ्या रस्त्यानेच सरळ येत असेल आणि वसाहतीच्या तोंडाशी वळला नाही, तर तेव्हाच संदेश पाठवा. मी इंग्रजीत दोन ओळी आधीच लिहून ठेवल्या होत्या: आतल्या गल्लीत या, गल्लीचं नाव हे, पांढऱ्या गॅरेजसमोर मी उभा आहे.

दुकानातून परततानाही हीच गोष्ट. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर दुभाजकामुळे गाडीला पुढून यू-टर्न घ्यावा लागतो आणि तुम्हाला सहा पदर ओलांडायचा मोह होतो. ते अजिबात करू नका. रस्त्यावर उभंच राहायचं नाही, दुकानाच्या दारासमोर पार्किंगच्या कडेला खूण ठेवायची.

शाहूपुरी:
माझं म्हणणं सोपं आहे. राइड आदल्या दिवशी राखून ठेवा. उबरमध्ये 90 दिवस आधीपर्यंत करता येतं. एकदा राखून ठेवली की गाडी येणारच, काळजी नाही. आणि ज्येष्ठांना तिकडे बस फुकट असते हेही लक्षात ठेवा.

राजारामपुरी ७वी गल्ली:
राखून ठेवता येते हे बरोबर, पण ‘येणारच’ असं नाही. विरळ भागात पहाटेच्या वेळी ड्रायव्हर ठरलेला दिसतो आणि आयत्या वेळी सोडतो, असं माझ्या मुलाच्या बाबतीत झालंय. विमान गाठायचं असेल तर राइड राखून ठेवा, पण लेक-जावयांना आधीच सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर दिसला नाही तर तुम्ही सोडायचं. बसचं म्हणाल तर सगळीकडे फुकट नाही. 65 वर्षांपुढच्यांना गर्दी नसलेल्या वेळी निम्मं भाडं, हा साधारण नियम. कुठे त्यासाठी कार्ड काढावं लागतं. आणि ताईंच्या फ्रिस्कोत बसच नाही, मग सवलत कशावर घेणार?

उजळाईवाडी:
कोल्हापूरहून मुंबईला विमानाने जाऊन पुढचं विमान पकडणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. आम्ही रात्री गाडी करून गेलो होतो, घाटात अडकलो आणि जीव टांगणीला लागला. पुण्यात मुक्काम केलेला बरा.

ताराबाई पार्क:
दादा, हेही उपयोगाचं आहे, पण मी तिथे पोचल्यानंतरचं विचारतेय.

कसबा बावडा:
आमचं पोरगं मेलबर्नला हाय, टारनीटला. तिथं रेल्वे स्टेशन हाय, पर घरापासनं स्टेशन लांब. बस हाय, पर रविवारी लई कमी. तिथं गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालत्यात, म्हणून कुठं उभं ऱ्हायाचं ते आमास्नी लगेच कळलं. आमी उबर फार वापरली न्हाई. त्या भागात मराठी घरं बरीच. चार घरांतली म्हातारी माणसं मिळून दिवस ठरवायची. एका सुनंला बुधवारी सुट्टी, ती सगळ्यास्नी भाजीला न्यायची. दुसऱ्याचा ल्योक शनिवारी देवळाला. आपल्याकडं गारगोटीला वडाप जातंय तसंच की वो. पेट्रोलचं पैसं कुणी घेईना, मग आमी चकल्या, धपाटी करून द्यायचो. ताई, तुमच्या लेकीला इचारा, आजूबाजूला कुणाचं आईबाप आल्यात का. एकट्यानं ॲपवर झुंजण्यापरीस हे बरं.

नागाळा पार्क (सध्या अर्विंग):
ज्यांच्या घरी तुम्ही राहायला येता, त्यांच्या बाजूने मी लिहिते. आई-बाबा, सासू-सासरे सगळे येऊन गेलेत.

विमानतळावर आम्ही दाराशी येऊन थांबू शकत नाही, पोलीस लगेच पुढे काढतात. म्हणून आम्ही आधी ‘सेल फोन लॉट’मध्ये थांबतो. ती थोड्या अंतरावरची फुकट पार्किंगची जागा असते, पण गाडीतून उतरून जायचं नसतं. विमान टेकलं की अनेकजण ‘आलो’ म्हणून मेसेज करतात. तेव्हा निघालो तर इमिग्रेशन आणि बॅगांमध्ये तास-दीड तास जातो आणि आम्ही घिरट्या घालत बसतो. मी बाबांना सांगितलं होतं: बॅगा ढकलगाडीवर ठेवल्या, कस्टम्स ओलांडलं, बाहेरच्या दारापाशी आलात, की त्या दारावरचा आकडा फोटो काढून पाठवा. शब्दांत लिहू नका, फोटोच. तो मिळाला की मी निघते. विमानतळाचं वायफाय फुकट असतं, पण दाराबाहेर पडलं की सुटतं, म्हणून फोटो जाईपर्यंत आतच उभं राहायचं.

दुसरं, कोल्हापूरहून निघण्यापूर्वी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. ते बहुधा बंद असतात. इथे उबरला रोख चालत नाही, यूपीआयही नाही. ओटीपीसाठी भारताचा नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा.

आणि नातवंडांबाबत. टेक्सासात 8 वर्षांखालच्या मुलाला, त्याची उंची 4 फूट 9 इंचांपेक्षा कमी असेल तर, बाल-आसन लागतं. ड्रायव्हर ते आणत नाही आणि मुलाला मांडीवर घेऊ देत नाही, योग्यच करतो. सासूबाई नातवाला पाळणाघरातून आणायला राइडने निघाल्या होत्या, मी रस्त्यातून परत बोलावलं.

मंगळवार पेठ:
राइड मुलाच्या खात्यातून मागवायची की आपल्या? आमचा मुलगा ऑफिसातून आमच्यासाठी मागवायचा. पैसे त्याच्या कार्डावरून आणि गाडी कुठे आहे ते त्याला दिसायचं, म्हणून बरं वाटायचं. पण ड्रायव्हरचा फोन आमच्या भारतीय नंबरवर लागत नव्हता, आणि मुलगा मीटिंगमध्ये.

नागाळा पार्क (सध्या अर्विंग):
काका, मी बाबांच्या फोनवर त्यांचं स्वतःचं खातं ठेवते. ॲपमधला संदेश नेटवरून जातो, नंबर कुठलाही असो. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 4 आकडी पिन चालू करा. ड्रायव्हरला तो सांगितल्याशिवाय राइड सुरूच होत नाही, म्हणजे चुकीच्या गाडीत बसायचा प्रश्न मिटला. गाडीशी गेल्यावर ‘मी अमुक, माझ्यासाठी आलात का’ असं म्हणू नका. कुणासाठी आलात, असं विचारा आणि त्याला तुमचं नाव सांगू द्या.

मंगळवार पेठ:
ते पटतं. पण आमच्या सौ. स्मार्टफोन वापरत नाहीत. त्या एकट्या निघाल्या तर मुलाच्याच खात्यावर मागवावी लागणार, आणि मग फोनचा घोळ तसाच राहतो.

राजारामपुरी ७वी गल्ली:
एक वेगळा प्रकार सांगतो. डॅलसजवळच्या आर्लिंग्टनची वस्ती जवळपास 4 लाख, पण 2017 च्या अखेरीपासून तिथे नेहमीच्या मार्गाची बसच नाही. शहराने त्याऐवजी ॲपवर बोलवायच्या छोट्या व्हॅन ठेवल्यात. भाडं उबरपेक्षा कमी, पण दारात येत नाही, जवळच्या कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागतं आणि वाटेत दुसरेही चढतात. अशी सोय लेकीच्या गावात आहे का ते नगरपालिकेच्या पानावर बघा. मात्र गावाची हद्द संपली की ती सहसा पुढे जात नाही.

ताराबाई पार्क:
खूप मिळालं. भिंतीचं वाचून लेकीला लगेच फोन केला, तिच्या घरामागेही तशीच भिंत आहे, गल्लीची खूण ती आत्ताच साठवून ठेवणार आहे. बावड्याच्या दादांचं ऐकून, वसाहतीत कुणाचे आईवडील येतात ते विचारायलाही सांगितलंय.

दुसरी अडचण मात्र तशीच आहे. रविवारी संध्याकाळी फ्रिस्कोच्या कार्यसिद्धी हनुमान मंदिरात आरती संपली की सगळे एकदम बाहेर पडतात. तेव्हा भाडं चढलेलं आणि गाडी बराच वेळ मिळत नाही, अशी आमची गत झाली होती.

नागाळा पार्क (सध्या अर्विंग):
गर्दीबरोबर बाहेर पडू नका, अर्धा तास आतच बसा. भाडं तेवढ्यात उतरतं, निदान आमच्याकडे तरी. आणि जाताना प्रसादाच्या रांगेत ओळख झालेल्यांना विचारा, कुणी तुमच्याच दिशेला जात असतं.

शाहूपुरी:
अर्ध्या तासाने ड्रायव्हरच दुसरीकडे गेले तर?

नागाळा पार्क (सध्या अर्विंग):
तसंही होतं. म्हणून मी सासऱ्यांना वेळ ठरवून दिली होती: साडेआठपर्यंत गाडीचा नंबर हातात आला नाही तर मी निघते, मग ॲप बघत बसायचं नाही.