मदत हवी आहे: log₁₀x चं इंटिग्रेशन, उत्तर 1 की 6.09?

कळव्याची_आई
लेक बारावी सायन्सला. काल रात्री ∫₁¹⁰ log₁₀x dx वरून घरात रणकंदन झालं. तिने पुस्तकातलं x log x − x वापरलं. 10 घातलं तर 10 − 10 = 0, 1 घातलं तर −1, म्हणून उत्तर 1. क्लासच्या उत्तरांत 6.09 छापलंय. सर "बेस बघ" एवढंच म्हणाले. कुठे चुकतंय?

ठाणे_स्लो
सोप्पंय. बेस 10 असला की शेवटी ln 10 ने, म्हणजे 2.303 ने भागायचं.

कळव्याची_आई
भागलं. 0.43 आलं. आणखी लांब गेलो की!

रबाळे_केमिस्ट
भागत नाहीत, गुणतात. आम्ही कायनेटिक्समध्ये 2.303 log असंच लिहायचो.

वाशी_मास्तर
गुणून 2.3 येईल, तेही चूकच. आधी आकृती काढा. log₁₀x हा 1 ला 0 आणि 10 ला 1 असतो. ही दोन टोकं सरळ रेषेने जोडली तर खाली 4.5 क्षेत्रफळाचा त्रिकोण होतो. वक्र त्या रेषेच्या वर फुगतो, म्हणून उत्तर 4.5 पेक्षा जास्तच हवं.

पुस्तकाच्या सूत्रातला log हा e बेसचा आहे, खरी गोम तिथे. बाय पार्ट्स करताना log₁₀x चं डेरिव्हेटिव्ह 1/(x ln 10) येतं. x ने गुणलं की 1 नाही, 1/ln 10 उरतं. म्हणून

x log₁₀x − x/ln 10 + c

ln 10 फक्त दुसऱ्या पदाखाली येतो. पहिल्या पदात तो log₁₀ च्या पोटात आधीच आहे. ठाणे_स्लो यांचं भागणं चालतं, पण x ln x − x या अख्ख्या राशीला. लेकीने पहिल्या पदात log₁₀ घातला होता, म्हणून ते पद दोनदा भागलं गेलं. आता 10 − 9/2.3026 = 6.09.

कळव्याची_आई
कळलं! मग हेही बघा. ∫₀¹ 2ˣ dx ला तिने 1/log 2 लिहिलं, लॉग टेबलातून 0.3010 घेतलं, आलं 3.32. पानावर पेन्सिलीने गोलसुद्धा केलाय.

वाशी_मास्तर
0 ते 1 मध्ये 2ˣ कधी 2 च्या वर जात नाही, मग क्षेत्रफळ 3.32 कसं होईल? सूत्र बरोबर, टेबल 10 बेसचं. 0.3010 × 2.303 = 0.693, आणि 1/0.693 म्हणजे 1.44.

रबाळे_केमिस्ट
म्हणजे इथे गुणायचंच होतं! 😄

वाशी_मास्तर
इथे हो. तुमचा 2.303 टेबलातल्या आकड्याचा ln करतो. वरच्या गणितात टेबल नव्हतंच.

ठाणे_स्लो
पेपरात नुसतं 1/log 2 ठेवलं तर पूर्ण मार्क देतात का?

कळव्याची_आई
आमचे सर देतात. शेजारच्या मुलाचा मात्र अर्धा कापला होता.