अनुभव हवेत: तीन वर्षांत चष्म्यावर खरोखर किती गेले?

जाडकाच्या

परवा घरातल्या जुन्या पावत्या चाळताना मला धक्काच बसला. आपण सगळे वेगवेगळ्या ठिकाणचे, म्हणून आकडे पैशात नको, प्रमाणात लिहू. साध्या प्लास्टिक काचांची जोडी, नुसता ओरखडे रोखणारा थर असलेली, म्हणजे 10.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 4. फ्रेम 20. काचा 1.67 अपवर्तनांकाच्या, जास्त पातळ हव्या म्हणून हट्टाने घेतलेल्या. चकाकी रोखणारं आणि निळा प्रकाश अडवणारं कोटिंग धरून 50. चौदाव्या महिन्यात काचा धुरकट झाल्या, पुसून जाईनात. नव्या काचा, पुन्हा 50. पुढे सव्वा वर्षाने डावी काडी बिजागरीपाशी तुटली. ते मॉडेल बंद झालेलं, जुन्या काचा दुसऱ्या कुठल्याच फ्रेमला बसेनात, म्हणून फ्रेम आणि काचा दोन्ही नवीन: 70. एकूण 190.

बायकोचा नंबर जवळपास तेवढाच. तिची धातूची फ्रेम 30, काचा 1.60 च्या, चकाकीविरोधी कोटिंगसह 30. वीस महिन्यांनी नंबर 0.5 ने वाढला तेव्हा त्याच फ्रेमला नव्या काचा, आणखी 30. स्क्रू आणि नाकावरच्या गाद्या मिळून 2. एकूण 92. पहिल्या दिवशी आमच्यात फक्त 10 चा फरक होता!

तुमचे हिशेब सांगा. आणि मी कुठे चुकलो तेही.

घासकाम

काचा कापून फ्रेमला बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. तुम्ही तीन जागी चुकलात असं दिसतं.

आधी तो धुरकटपणा. चष्मा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहत होता का, की गरम पाण्याने धूत होतात? तापल्यावर प्लास्टिक जास्त फुगतं, वरचं कोटिंग तेवढं ताणलं जात नाही, मग ते बारीक बारीक तडकतं. दिव्याचं प्रतिबिंब काचेत तिरकं धरून बघा. ओरखडा असेल तर एखाददुसरी रेघ दिसते. तडकलेलं कोटिंग कोरड्या तळ्यातल्या मातीसारखं जाळीदार दिसतं. हे पॉलिश करून जात नाही. काही ठिकाणी कोटिंगची वॉरंटी असते, पण उष्णतेने झालेलं नुकसान तीत बहुधा धरत नाहीत, तेव्हा घेतानाच विचारून ठेवावं.

दुसरं, 1.67. उणे 4 ला, 50 मिलिमीटर रुंद काचेत नजर मधोमध बसली असं धरलं, तर साध्या काचेची कड मध्यापेक्षा साधारण अडीच मिलिमीटर जाड होते. 1.60 मध्ये 2.1, 1.67 मध्ये 1.9. म्हणजे 1.60 वरून 1.67 वर जाऊन तुम्ही दोन दशांश मिलिमीटर विकत घेतलेत. आता गंमत बघा: साधीच काच 46 मिलिमीटर रुंद कापून छोट्या फ्रेममध्ये बसवली तरी कड 2.1 वरच येते. छोटी फ्रेम 1.60 चं काम फुकटात करते. उणे 7-8 ला गोष्ट वेगळी, तिथे पातळ काचेचे पैसे डोळ्यांना दिसतात.

तिसरं शेवटचे 50. मोठ्या फ्रेममधली काच कापून छोटीत बसवता येते, फक्त नजरेचा मध्य जागेवर राहिला पाहिजे. तुम्हाला हे कुणी सुचवलं नाही?

जाडकाच्या

डॅशबोर्ड. दोन्ही उन्हाळे. कापून बसवायचं मात्र कुणीच बोललं नाही.

न तुटणारा

एवढा हिशेब कशाला? पॉलीकार्बोनेट घ्या. फुटत नाही, ओरखडत नाही, तीन वर्षं निवांत. माझ्याकडून दोनदा जिन्यावरून पडला, काचांना काही झालं नाही.

घासकाम

फुटत नाही हे खरं. ओरखड्यांचं उलट आहे, ते मऊ असतं. तुमची काच टिकली ती वरच्या कठीण थरामुळे. तो थर एकदा गेला की साध्या प्लास्टिकपेक्षा लवकर खराब होते. शिवाय जास्त नंबरला कडेकडून बघताना अक्षरांना रंगीत किनार दिसते. काहींना ते खुपतं, काहींना कळतही नाही.

न तुटणारा

मला नाही कळत. आणि माझी काच अजून स्वच्छ आहे, त्यामुळे मी तरी हेच घेणार.

दोन पोरांची आई

आमच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या तीन वर्षांत चार जोड्या झाल्या. पहिल्या वेळी दुकानात सांगितलेलं सगळं घेतलं, भारी कोटिंग, वाकणारी फ्रेम. आठ महिन्यांत नंबर बदलला आणि न वापरलेलं आयुष्य असलेल्या काचा खणात गेल्या. आता त्याला पॉलीकार्बोनेट, कठीण थर, बस. फ्रेम मात्र चांगली, कारण तीत दोनदा काचा बदलून झाल्या. मुलांसाठी कानामागे गोल वळणाऱ्या काड्या कुणी वापरल्यात का? खेळताना सारखा घसरतो.

जाडकाच्या

धागा मोठ्यांसाठी काढला होता, पण तुमचा मुद्दा थेट हिशेबातलाच आहे: नंबर कोटिंगच्या आधी बदलणार असेल तर कोटिंगच्या टिकाऊपणाचे पैसे कशाला.

पन्नाशीतला

माझ्या प्रोग्रेसिव्ह काचा, वर लांबचं आणि खाली वाचायचं दिसणाऱ्या, 120, फ्रेम 15. काचांवर जपून खर्च केला आणि फ्रेमवर कंजूषपणा. दहाव्या महिन्यात काडी मोडली. प्लास्टिकची फ्रेम, जोडून मिळेना. तीही बंद झालेली, आणि प्रोग्रेसिव्ह काच दुसऱ्या आकारात कापायला कुणी तयार होईना, वाचायचा भाग खालून कापला जातो म्हणाले. 15 च्या वस्तूने 120 बुडवले.

तेव्हापासून पसंत पडली की एकाच रंगाच्या दोन फ्रेम घेतो. दुसरी सुटे भाग म्हणून ठेवायची. काडी, स्क्रू, सगळं तिच्यातून. दोन फ्रेम धरून 150, आणि गेली साडेतीन वर्षं काचा त्याच आहेत. नंबर बदलला असता तर हा शहाणपणा फुकट गेला असता म्हणा.

धातूप्रेमी

त्यापेक्षा डाग देऊन जोडता येईल अशा साध्या मिश्रधातूची फ्रेम घ्या. टायटॅनियम हलकं असतं पण मोडलं तर लेझर लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. माझी एक फ्रेम दोनदा डागून सहा वर्षं चालली. मात्र निकेलने कानामागे पुरळ येत असेल तर हा सल्ला विसरा.

स्क्रीनवाली

निळ्या प्रकाशाचं कोटिंग तिन्ही वेळा घेतलंत का? बरेच अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कोक्रेन आढाव्यात, थोड्या काळासाठी तरी, स्क्रीनने येणारा डोळ्यांचा थकवा त्याने बहुधा कमी होत नाही असंच दिसलं. मी ते सोडलं, चकाकीविरोधी ठेवलं. रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फाकत नाहीत, तो फरक मला तरी जाणवतो.

संशयी वाचक

मला ते कोटिंग असताना डोकं कमी दुखतं. आढावा काहीही म्हणो.

जाडकाच्या

तिन्ही वेळा घेतलं, हो. आज जुन्या काचा घेऊन दुकानात गेलो होतो. पहिल्या दोन छोट्या फ्रेममध्ये मध्य तीन मिलिमीटर आत सरकत होता, उणे 4 ला तेवढ्याने डोळे ओढल्यासारखे होतील म्हणून त्यांनी नाही सांगितलं. तिसरीत बरोबर बसतोय. पण ती फ्रेम इतकी गोल आहे की बायको म्हणते घुबड दिसाल. अजून ठरवलेलं नाही.