पहिल्या दिवशी फक्त ३६० कॅलरी? ही उपासमार नाही का?

कोयनाकाठ: मामांना (वय ६२) अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. उंची १६२ सेंमी, वजन ३६ किलो. तीन आठवडे घोट-घोट पाण्यावरच आहेत. काल दुर्बिणीतून नाकात नळी टाकली. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, पहिल्या दिवशी फक्त ३६० कॅलरी, आणि त्याआधी थायमिनचं इंजेक्शन. मामी रडतेय, "इतके दिवस उपाशी, आता वाट मोकळी झाली तरी देत नाहीत." फॉस्फेट काल दुपारी ३.१ होतं, आज सकाळी २.४. नळीतून अजून काहीच गेलेलं नाही. हे बरोबर चाललंय का?

रात्रपाळी: मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे. खूप दिवस उपाशी असलेल्याला दहा कॅलरी प्रति किलोनेच सुरू करायचं, ही भीती आता जुनी झाली. अमेरिकेत ॲनोरेक्सियाच्या तरुण पेशंटवर चाचणी झाली. एका गटाला पहिल्या दिवसापासून २००० कॅलरी, दुसऱ्याला १४००. जास्तवाले लवकर सावरले आणि क्षारांचा घोळ वाढला नाही. फॉस्फेटची खालची मर्यादा २.५ धरतात, तुमचं २.४ म्हणजे किरकोळ. पंधरा-वीस कॅलरी प्रति किलोने सुरू करा म्हणून आग्रह धरा.

शोभाताई: मी दोनदा अठ्ठाई केली आहे, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. पारण्याला मुगाचं पाणी, दुसऱ्या दिवशी पातळ खिचडी, कधी काही झालं नाही. शरीराला आपोआप कळतं. एवढ्या तपासण्या लागतात कशाला? सारखं रक्त काढून माणूस अजून अशक्त होतो.

सुहा_आहार: कोयनाकाठ, आधी एक सांगा. काल रात्री सलाईन लावलं होतं का? बाटलीवर काय लिहिलं होतं?

कोयनाकाठ: हो, तीन बाटल्या, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या. डेक्स्ट्रोज सलाईन, पाच टक्के. थायमिन आज सकाळी दिलं.

सुहा_आहार: मग उत्तर तिथेच आहे. नळीतून काही गेलं नसलं तरी मामांचं "जेवण" रात्रीच सुरू झालंय. एका बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, तीन बाटल्यांत ७५, म्हणजे साधारण अडीचशे कॅलरी, सगळी साखर. तुमच्या बाई ३६० म्हणतात त्यातल्या अडीचशे थायमिनच्या आधीच गेल्या.

तीन आठवडे शरीर चरबीवर चाललं होतं. साखर आली की इन्सुलिन सुटतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. साखर जाळायला थायमिनही लागतं आणि त्याचा साठा आधीच संपलेला असतो.

रात्रपाळी, तुम्ही २.४ हा आकडा बघताय, मी उतार बघते. ३.१ वरून २.४ म्हणजे २२ टक्क्यांहून जास्त घट, एका रात्रीत. २०२० च्या अमेरिकन निकषांत हे मध्यम प्रतीत जातं, तेही खरं भरवणं सुरू व्हायच्या आधी. कालचं ३.१ सुद्धा फसवं होतं. पेशी रिकाम्या असल्या तरी रक्तात आकडा ठीक दिसू शकतो.

मामांचा बीएमआय १३.७ येतो. ब्रिटनच्या नियमाने चौदाच्या खाली अगदी पाच कॅलरी प्रति किलोने, हृदयाच्या मॉनिटरवर ठेवून सुरू करायचं. अमेरिकन नियम दहा ते वीस म्हणतो. तुमच्या बाईंनी दहा धरले. मी आज त्यातून बाटल्यांच्या कॅलरी वजा केल्या असत्या.

शोभाताई, तुम्ही धडधाकट होतात आणि आठ दिवस होते, शिवाय मुगाच्या पाण्याने हळूच सुरू केलंत, ते चांगलंच. पण ते तपाचं गणित कॅन्सरने वर्षभर झिजलेल्या माणसाला लागत नाही. महिनाभराच्या उपासानंतर, मासक्षमणानंतर, मीही रक्त तपासायलाच सांगेन.

रात्रपाळी: बाटल्यांचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नाही. कॅज्युअल्टीत आम्हीच सवयीने लावतो. पण पुरावा तरी द्या की हळू भरवल्याने माणूस वाचतो.

सुहा_आहार: तुमच्या चाचणीतली मुलं तरुण होती आणि त्यांचे क्षार रोज तपासून भरले जात होते. २०१५ ची ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची आयसीयूतली चाचणी बघा. फॉस्फेट पडल्यावर ज्यांच्या कॅलरी कमी केल्या त्यांच्यातले जास्त लोक साठाव्या दिवशी जिवंत होते.

घाटमाथा_डॉक्टर: त्या चाचणीच्या मुख्य निकषात मात्र दोन गटांत फरक निघाला नव्हता, तेही सांगा. तीस वर्षं तालुक्याच्या गावी काढली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. फॉस्फेट पडून दगावलेले मी पाहिले. पण दहा कॅलरीवर सुरू करून दहाव्या दिवशीही तिथेच अडकलेले त्याहून जास्त पाहिले. आकडा वाढवायची जबाबदारी कुणी घेत नाही. फाइलवर "हळूहळू वाढवा" लिहिलेलं असतं, कधी आणि किती ते नसतं. ती पण उपासमारच.

आमच्याकडे फॉस्फेटचा रिपोर्ट शहरातून दुसऱ्या दिवशी यायचा. तोवर नाडी, श्वास आणि पायांची सूज बघायची. आणि वजन. दोन दिवसांत दीड किलो वाढलं की घरचे खूश होतात, पण ते मांस नसतं, पाणी असतं.

सुहा_आहार: डॉक्टर, ही तक्रार खरी आहे. म्हणून मी तारखा लिहूनच देते. मामांसाठी असा आराखडा असता: थायमिन ३०० मिग्रॅ रोज, पहिले दहा दिवस, शिवाय बी-कॉम्प्लेक्स. पहिले दोन दिवस ३६० कॅलरी, चोवीस तासांत पंपाने. एक कॅलरीला एक मिली असं फीड असेल तर ताशी १५ मिली. पहिले तीन दिवस फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम दर बारा तासांनी. आकडे स्थिर असतील तर तिसऱ्या दिवशी ५४०, पाचव्या दिवशी ७२०, सातव्या दिवशी ९००. आकडा पडला तर पायरी तिथेच थांबवायची आणि फॉस्फेट भरायचं. भरूनही सावरत नसेल तर कॅलरी निम्म्या. फीड पूर्ण बंद मात्र करायचं नाही.

रात्रपाळी: २.४ ला शिरेतून फॉस्फेट द्याल?

सुहा_आहार: तो निर्णय डॉक्टरांचा. माझ्या वॉर्डात दीडच्या खाली शिरेतून, वर असेल तर नळीतून देतात. शिरेतून द्यायचं तर किडनी आणि कॅल्शियम बघून, सावकाश. आणि कॅल्शियमच्या लाइनमध्ये कधीही नाही, साका बनतो.

शोभाताई: मग मामींनी नळीतून चमचाभर मध-पाणी दिलं तर? आमच्या शेजारी दिलं होतं.

घाटमाथा_डॉक्टर: नको, ताई. गुपचूप दिलेलं कुणाच्या हिशेबात येत नाही. मामींना काम हवं असेल तर रोज सकाळी त्याच काट्यावर वजन आणि दिवसाची लघवी वहीत लिहायला सांगा. मला मात्र सुहाबाईंचा पहिला दिवस अजूनही कंजूष वाटतो. मी पंधराने सुरू केलं असतं.

सुहा_आहार: २.४ बघून? मी नाही.

कोयनाकाठ: तिसरा दिवस. काल संध्याकाळी १.९, आज सकाळी २.१, फॉस्फेट नळीतून चालू आहे. बाईंनी ३६० वरच थांबवलंय. डेक्स्ट्रोज बंद करून साधं सलाईन लावलं, मी विचारल्यावर. पायाला सूज नाही, वजन ३६.४. मामी वही लिहितेय, पण विचारते, ५४० कधी?