मदत हवी आहे: आजारपणामुळे काम उशिरा जाणार, क्लायंटला कसं कळवू?

निळी_शाई
नमस्कार. मी फ्रीलान्स अनुवाद करते. सध्या एका एजन्सीकडून आलेल्या पॅकिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं काम हातात आहे. एकूण २४,००० शब्द, नऊ प्रकरणं, आणि डेडलाइन येत्या शुक्रवारी, १४ तारखेला. शनिवारपासून फ्लूने अंथरुणाला खिळले आहे. स्क्रीनकडे पाहिलं की डोकं ठणकतं. डॉक्टरांनी रविवारपर्यंत पूर्ण विश्रांती सांगितली आहे. आज मंगळवार.

पहिली चार प्रकरणं, म्हणजे १०,००० शब्द, तपासून तयार आहेत. पाचवं आणि सहावं (६,००० शब्द) अनुवादित झालं आहे, पण तपासलेलं नाही. शेवटच्या तीन प्रकरणांना (८,००० शब्द) अजून हात लावलेला नाही. माझा नेहमीचा वेग दिवसाला २,५०० शब्द अनुवाद किंवा ७,००० शब्द तपासणी असा आहे. तब्येत ठीक असती तर सोमवार ते शुक्रवारात सगळं बसत होतं.

मेल असा लिहिला आहे: "तब्येत बरी नसल्याने कामाला थोडा उशीर होईल. झालेला भाग पाठवू शकते. उरलेलं लवकरात लवकर पाठवते. तसदीबद्दल मनापासून क्षमस्व." पाठवायला हात धजत नाही. आजाराबद्दल किती सांगायचं? अर्धवट काम पाठवावं का? आणि तारीख कोणती द्यावी? सोमवारी १७ ला बसले तर शुक्रवारी २१ ला संपेल, असा माझा हिशोब आहे.

आडवाटेचा
आधी बरे व्हा. नियमानुसार आजारपणाची रजा तुमच्या हक्काची आहे. एचआरला मेल करा, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. काम कोणाकडे सोपवायचं ते मॅनेजर बघेल.

निळी_शाई
दादा, मी नोकरीत नाही. एचआर नाही आणि मॅनेजरही नाही, सगळं मीच.

जुना_दुभाषी
मेल आजच जाऊ द्या. शुक्रवारी सकाळी कळवलं तर तिकडे कोणाच्याच हातात काही उरत नाही. आज कळवलं तर तीन दिवस मिळतात.

आता तारखेबद्दल. २१ देऊ नका. तुमचा हिशोब धडधाकट माणसाचा आहे. फ्लूचा ताप उतरला तरी थकवा लगेच जात नाही, दोन तास बसलं की अक्षरं पुसट दिसायला लागतात. पहिले तीन दिवस निम्म्या वेगाचे धरा. उरलेलं काम मोजू: ८,००० शब्दांचा अनुवाद म्हणजे सव्वातीन दिवस, १४,००० शब्दांची तपासणी म्हणजे दोन दिवस, एकूण सव्वापाच. १७, १८, १९ हे तीन अर्धे दिवस मिळून दीड दिवसाचं काम. उरले पावणेचार. गुरुवार २०, शुक्रवार २१, सोमवार २४ हे तीन पूर्ण दिवस, आणि मंगळवारी २५ ला उरलेलं. वर एक दिवस हाताशी ठेवा. तारीख झाली बुधवार, २६. शनिवार-रविवार मुद्दाम मोजलेले नाहीत. काही चुकलंच तर तेच उपयोगी पडतील.

पाच दिवस जास्त मागताना जड वाटतं, मला कळतं. पण पहिल्यांदा तारीख पुढे गेली तर लोक समजून घेतात. तीच तारीख दुसऱ्यांदा हलली की तुम्ही दिलेल्या कोणत्याच तारखेवर त्यांचा विश्वास उरत नाही.

वेळापत्रकवाली
मी टेबलाच्या पलीकडे बसते, अनुवादकांकडून काम घेऊन लेआउटला देते. असा मेल आला की मी पहिल्यांदा तारीख शोधते. "लवकरात लवकर" हे मला वेळापत्रकाच्या कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही. लेआउट करणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी मोकळा ठेवलेला असतो. त्याला दुसरं काम द्यायचं की नाही, हे मला लगेच ठरवावं लागतं. त्यामुळे तारखेसोबत वेळही लिहा. "२६ तारखेला दुपारी १२ पर्यंत" आणि "२६ ला रात्री" यात आमच्याकडे पूर्ण एका दिवसाचा फरक पडतो.

आजाराबद्दल एक ओळ पुरे. ताप किती, कोणती औषधं, हे वाचून मला वाईट वाटतं, पण काम हलत नाही. प्रमाणपत्र न मागता जोडू नका.

कुंचला
माझ्या बाबतीत असंच झालं होतं. मी चित्रं काढते. आजारी पडले, निम्मी चित्रं पाठवली, तर क्लायंटने तेवढ्यावरच पुस्तक छापलं आणि उरलेल्या चित्रांचे पैसे द्यायला नकार दिला. म्हणून माझं मत, अर्धवट काम पाठवूच नका. आधी पैसे घ्या.

जुना_दुभाषी
तुमच्या बाबतीत वाईटच झालं. पण निम्म्या चित्रांनी पुस्तक निघू शकतं, नऊपैकी चार प्रकरणांनी मशीनची पुस्तिका निघत नाही. इथे अर्धं काम पाठवण्यात धोका वेगळाच आहे.

न तपासलेली पाचवं-सहावं प्रकरणं आत्ता पाठवू नका. "कच्चा मसुदा आहे" असं मेलमध्ये लिहिलं तरी मेल एकाकडे राहतो आणि फाइल तिसऱ्याकडे पोचते. तो बिचारा ती लेआउटमध्ये ओततो. फक्त तपासलेली चार प्रकरणं द्या.

दुसरं, त्यांच्यासोबत शब्दसूची पाठवा आणि ती त्यांच्याकडून आत्ताच पक्की करून घ्या. मशीनच्या पुस्तिकेत धोका, इशारा आणि खबरदारी हे तीन वेगळ्या तीव्रतेचे शब्द असतात आणि जवळजवळ प्रत्येक पानावर येतात. चार प्रकरणांचा लेआउट झाल्यावर आठव्या प्रकरणात तुम्हाला वाटलं की 'खबरदारी'ऐवजी 'सावधान' बरं, तर मागची सगळी पानं पुन्हा उघडावी लागतील. लेआउटवाला त्याचे पैसे मागेल, आणि रास्तच मागेल. तुकड्यातुकड्याने काम दिलं की मागे जाऊन शब्द बदलण्याची मोकळीक संपते.

वकिलीचा_अभ्यास
करारात फोर्स मेज्योर कलम असेल तर काळजीच नाही. आजारपण आपल्या हाताबाहेरचं असतं, त्यामुळे उशिराचा दंड लागत नाही. मेलमध्ये त्या कलमाचा उल्लेख करा.

जुना_दुभाषी
अर्धं बरोबर आहे. हे कलम सहसा पूर, भूकंप, युद्ध अशा गोष्टींसाठी लिहिलेलं असतं. एका व्यक्तीचं आजारपण त्यात धरलं आहे की नाही, ते त्या कराराच्या शब्दांवर ठरतं. निळी_शाई, करार काढून बघा, उशिराबद्दल दंड लिहिला आहे का तेही बघा. पण पहिल्याच मेलमध्ये कलम दाखवलं की समोरचा वकिलाला विचारायला जातो आणि तारखेचा विषय बाजूला पडतो.

निळी_शाई
करार पाहिला. दंडाचा उल्लेख नाही, आजारपणाचाही नाही. "उशीर होणार असल्यास लेखी कळवावे" एवढंच आहे. उरलेलं काम दुसऱ्या अनुवादकाला द्यायचा पर्यायही सुचवू का? माझी एक मैत्रीण तयार आहे.

वेळापत्रकवाली
पर्याय म्हणून सुचवा, पण आम्हाला विचारल्याशिवाय फाइल तिच्याकडे पाठवू नका. गोपनीयतेचा करार तुमच्याशी झालेला असतो, तिच्याशी नाही.

आणि एक सुचवते. सोमवारी नवीन अनुवादाला न भिडता आधी पाचवं-सहावं तपासा. अशक्तपणात तपासणी त्यातल्या त्यात झेपते, आणि ६,००० शब्द दोन अर्ध्या दिवसांत होतील. मग १९ ला दुपारी दुसरा हप्ता देता येईल. उरलेलं काम तेवढंच राहतं, पण तुमचं गाडं चालू आहे हे आम्हाला आठवडाभर आधी दिसतं.

निळी_शाई
हे फार पटलं. आता असं लिहिलं आहे:

"नमस्कार, मला फ्लू झाला आहे आणि डॉक्टरांनी १६ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे पुस्तिका १४ ला पूर्ण होणार नाही. नवीन वेळापत्रक असं:
प्रकरण १ ते ४, तपासलेली, शब्दसूचीसह: सोबत जोडली आहेत.
प्रकरण ५ आणि ६: बुधवार १९, दुपारी १२ पर्यंत.
प्रकरण ७ ते ९: बुधवार २६, दुपारी १२ पर्यंत.
जोडलेल्या प्रकरणांचा लेआउट सुरू करता येईल. त्याआधी शब्दसूचीला मान्यता द्यावी, म्हणजे पुढच्या प्रकरणांत तेच शब्द राहतील. ७ ते ९ पैकी एखादं आधी हवं असेल तर कळवा, क्रम बदलते. २६ तारीख चालणारच नसेल तर तुमच्या परवानगीने शेवटची प्रकरणं दुसऱ्या अनुभवी अनुवादकाकडून करून घेऊन मी तपासून देऊ शकेन. तुमच्या नियोजनात अडचण आली याबद्दल दिलगीर आहे."

दरात थोडी सूट देऊ का?

कुंचला
सूट द्या. दहा टक्के कमी केले की माणूस खूश होतो, पुढचं कामही मिळतं.

जुना_दुभाषी
मी देणार नाही. त्यांनी मागितली तर बोलू. आपण होऊन दिली की पुढच्या प्रत्येक उशिराला ती गृहीत धरली जाते. मेल छान आहे, पाठवा.

वेळापत्रकवाली
सूट मिळाली म्हणून माझा लेआउटवाला मोकळा होत नाही. पण मालक लोक वेगळा विचार करतात, हेही खरं. यावर माझं ठाम मत नाही.

निळी_शाई
सूट न देता पाठवला. तासाभरात उत्तर आलं. चार प्रकरणं मिळाली, शब्दसूची उद्या मान्य करून देतो, १९ चालेल. पण शेवटचा भाग २६ ऐवजी २४ ला हवा आहे, कारण २५ ला सकाळी लेआउट बंद करायचा आहे. दुसरा अनुवादक नको म्हणतात. हो म्हणू का? शनिवार-रविवार लावले तर जमेलही.

जुना_दुभाषी
शनिवार-रविवारच्या भरवशावर हो म्हणू नका. त्या वेळी आजारातून उठून तुमचा आठवडाच झालेला असेल. शेवटच्या तीन प्रकरणांत काय आहे?

निळी_शाई
७ देखभाल, ८ बिघाड आणि उपाय, मिळून ५,५०० शब्द. ९ मध्ये सुट्या भागांचे तक्ते, २,५०० शब्द.

वेळापत्रकवाली
मग तोडगा आहे. ७ आणि ८ सोमवारी २४ ला संध्याकाळी ६ पर्यंत द्या. ९ मध्ये तक्तेच आहेत. लेआउटवाला मूळ फाइलवरून त्यांचे रकाने आधीच आखून ठेवू शकतो, २६ ला फक्त मजकूर भरायचा. २५ ला बाकी सगळं बंद करून तेवढं प्रकरण उघडं ठेवता येईल का, असं विचारा. मी त्यांच्या जागी असते तर मानलं असतं.

जुना_दुभाषी
५,५०० शब्दांचा अनुवाद आणि तपासणी मिळून तीन दिवस. १९ च्या अर्ध्या दिवसापासून २४ पर्यंत साडेतीन दिवस हाताशी आहेत. बसतंय.

निळी_शाई
तसंच लिहून पाठवलं. चार प्रकरणांचं बिल आत्ता लावावं की शेवटी एकदम, हे कोणी सांगेल का? आता लॅपटॉप बंद करते, उत्तरं उद्या वाचते.