मदत हवी आहे: कथेतला सीटी स्कॅन. फोटोत न दिसलेलं रक्त लांबच्या डॉक्टरांना कशामुळे दिसतं?

चिऱ्याचीपायरी

नमस्कार. एक लघुकथा लिहिते आहे आणि तिच्या ऐन मध्यावर अडकले आहे. जाणकारांची मदत हवी आहे.

कथा कणकवलीच्या आसपासच्या एका छोट्या गावातली. जुलैची रात्र, खाजगी दवाखाना, तळमजल्यावर सीटी स्कॅन. रात्रपाळीला तन्वी नावाची तरुण डॉक्टर एकटीच. ६८ वर्षांचे एक आजोबा पाणंदीतल्या शेवाळावरून घसरतात आणि चिऱ्याच्या पायरीवर त्यांचं डोकं आपटतं. उजव्या बाजूला मागे टेंगूळ आहे. चालत येतात, नीट बोलतात, "माका कायएक झाला नाय, घराक सोड" म्हणून बायकोवर चिडतात. तन्वीला मात्र ते दोनदा तेच विचारतात, म्हणून ती स्कॅन करून घेते.

रेडिऑलॉजिस्ट पुण्यात आहेत. तन्वी फिल्म लाइटबॉक्सवर लावून मोबाइलने फोटो काढते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. आता माझा मसुदा असा:

"फोनवर काही क्षण शांतता. मग मॅडमनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. 'तन्वी, डाव्या बाजूला कवटीला लागून बघ. रक्त आहे.'"

एका डॉक्टर मैत्रिणीने वाचून सांगितलं, "हे असं होत नाही." कसं होतं ते सांगायला तिला वेळ नव्हता. मला खोटं लिहायचं नाहीये. जे तन्वीला दिसलं नाही ते मॅडमना कशामुळे दिसेल? आणि त्या अर्ध्या तासात दोघी नेमकं काय बोलतील?

गणपतीपुळेकर

ताई, आधी पेशंटला हलवा! डोक्याचा मार आहे, इथे विचारत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बांबोळीला न्या. वय ६८ म्हणजे थांबण्यात अर्थ नाही.

चिऱ्याचीपायरी

दादा, कथा आहे हो. आजोबा माझ्या वहीत आहेत. पण काळजीबद्दल मनापासून आभार.

रात्रपाळी_रेडिओ

मी गेली अनेक वर्षं रात्री असेच स्कॅन वाचते, म्हणून तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं पटलं. फोटो मोठा करून ते रक्त दिसणार नाही. फोटो लहान आहे ही खरी अडचण नाही. त्यात करड्या रंगाच्या छटाच उरलेल्या नसतात.

सीटीच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला शून्य, मेंदूला साधारण ३५, ताज्या गोठलेल्या रक्ताला ६० ते ७०, कवटीच्या हाडाला हजाराच्या आसपास. इतके आकडे डोळ्याला एकदम दाखवता येत नाहीत, म्हणून आपण एक खिडकी निवडतो. मेंदूसाठी पडद्यावर बहुतेक वेळा `W 80 L 40` असतं. म्हणजे शून्याला काळं, ८० ला पांढरं आणि त्यापुढचं सगळंच पांढरं. आता विचार करा, ७० चं रक्त जवळजवळ पांढरं आणि त्याला खेटलेलं हजाराचं हाडही पांढरं. पाच मिलिमीटरचा रक्ताचा थर कवटीला चिकटून असेल, तर बघणाऱ्याला वाटतं की हाडच जरा जाड आहे. फिल्म याच खिडकीत छापलेली असते. तिचा फोटो कितीही मोठा केला तरी पांढऱ्याला चिकटलेलं पांढरंच मोठं होतं.

मूळ फाइल माझ्याकडे आली की मी खिडकी रुंद करते, साधारण `W 200 L 75`. आता पांढरं व्हायला १७५ लागतात. हाड पांढरंच राहतं, रक्त मधल्या करड्या रंगावर उतरतं, मेंदू त्याहून गडद होतो. ती पट्टी हाडापासून सुटून वेगळी दिसते. माउस ओढण्याचं काम, दोन सेकंदांचं. तुमच्या कथेतला क्षण हाच आहे.

दुसरं, फोटो बघून मॅडम "नॉर्मल आहे" म्हणणार नाहीत आणि "रक्त आहे" असंही नाही. मी स्वतः म्हणते, "फोटोत मोठं काही दिसत नाही, पण यावर मी काही सांगणार नाही. फाइल पाठव." रात्री दोन वाजता समोरच्या डॉक्टरला हे ऐकायला फार जड जातं, हे मला ठाऊक आहे. तिला हो किंवा नाही हवं असतं.

चिऱ्याचीपायरी

वाचताना अंगावर काटा आला. म्हणजे तन्वीचं लक्ष नव्हतं असं नाही, तिच्या हातातल्या फिल्ममध्ये ते वेगळं दिसणारच नव्हतं! मी तिला उगाच अपराधी करून ठेवलं होतं. पण मग फाइल पाठवायला किती वेळ लागतो? तन्वी ती स्वतः पाठवते का?

स्लाइस_पाच_एमएम

नाही, ते काम आमचं. मी टेक्निशियन, सिंधुदुर्गातच.

एका चित्राची फाइल अर्धा एमबी. डोक्याचे पाच मिलिमीटरचे काप केले तर साधारण ३० चित्रं, म्हणजे १५-१६ एमबी. पण मशीन त्याच स्कॅनमधून बारीक कापही बनवतं. ०.६२५ मिलिमीटरचे धरले तर २४० चित्रं, १२० एमबी. पावसात लाइन पडली की आम्ही मोबाइलच्या नेटवर पाठवतो आणि वर चढायचा वेग कधीकधी अर्धा एमबीपीएस मिळतो. त्या वेगाने जाड काप सव्वाचार मिनिटांत जातात आणि बारीक कापांना अर्धा तास लागतो. नवीन मुलगा असेल तर सगळा फोल्डर एकदम चढवतो, मग तिकडे मॅडम अर्धा तास रिकामा पडदा बघत बसतात. अनुभवी माणूस जाड काप आधी सोडतो आणि बारीक मागून.

कथेत घालायचं तर हे घाला. अपलोडची पट्टी ९० टक्क्यांवर येते आणि लाइट जाते. जनरेटर लागतो, पण राउटर यूपीएसवर नसतो, तो पहिल्यापासून सुरू होतो. आमच्याकडे राउटरला वेगळी बॅटरी लावेपर्यंत हे प्रत्येक पावसाळ्यात व्हायचं.

रात्रपाळी_रेडिओ

अगदी बरोबर. जाड काप आधी मिळाले की निम्मी उत्तरं लगेच देता येतात. बारीक काप मला नंतर लागतात, कारण त्यातून समोरून बघितल्यासारखं चित्र तयार होतं. मेंदूच्या आतल्या आडव्या पडद्यावर सपाट पसरलेलं रक्त आडव्या कापात हातचं निसटतं.

आणि संभाषणाचं विचारलंत. मी पहिलं विचारते, "टेंगूळ कुठल्या बाजूला?" तुमच्या आजोबांचं उजवीकडे मागे आहे, म्हणून मी डावीकडे पुढे जास्त वेळ घालवीन. आपटलेल्या बाजूच्या बरोबर समोर मेंदूला मार बसतो आणि रक्तही तिथे सापडतं. दुसरं विचारते, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" ही गोष्ट स्कॅनच्या चिठ्ठीवर क्वचित लिहिलेली असते. तिथे नुसतं 'पडले' एवढंच असतं.

जुनाफार्मासिस्ट

या गोळीवर कथा फिरवता येईल. आजोबांच्या हृदयात कृत्रिम झडप, त्यासाठी वॉर्फरिन. आजी पिशवीतून स्ट्रिप काढते आणि सगळा उलगडा होतो. उपाय सोपा आहे, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन. ते दिलं की रक्त गोठायला लागतं आणि पेशंट सुरक्षित. मी ३० वर्षं काउंटरवर काढली आहेत.

डॉ_घाटमाथा

काका, स्ट्रिपची कल्पना उत्तम, पण उपाय तेवढा सोपा नाही. व्हिटॅमिन के शिरेतून दिलं तरी परिणाम दिसायला काही तास जातात, कारण यकृताला गोठवणारे घटक नव्याने तयार करावे लागतात. तोपर्यंत ते घटक बाहेरून द्यावे लागतात, प्लाझ्माच्या पिशव्यांतून किंवा तयार कॉन्सन्ट्रेटने. रात्री दोन वाजता छोट्या गावात या दोन्ही गोष्टी हाताशी नसतात. तन्वी इंजेक्शन देऊन पेशंट पाठवेल आणि पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करून प्लाझ्मा वितळवायला सांगेल. गोठवलेली पिशवी वितळायलाच अर्धा तास जातो, म्हणून तो फोन महत्त्वाचा.

ऑपरेशनचीही घाई दाखवू नका. थर १० मिलिमीटरपेक्षा जाड किंवा मेंदूची मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली, तेव्हा सर्जन कवटी उघडायचं ठरवतात. पाच मिलिमीटरच्या थराला आणि बोलत्या पेशंटला बहुतेक वेळा लक्ष ठेवून पुन्हा स्कॅन करतात. पण वॉर्फरिन चालू असताना तोच थर रस्त्यात वाढू शकतो. भीती त्याची आहे.

जुनाफार्मासिस्ट

मान्य, तासांचं माझ्या लक्षात नव्हतं. पण झडपेवालं रक्त एकदम घट्ट केलं तर झडपेवरच गुठळी होईल ना?

डॉ_घाटमाथा

हा प्रश्न खरा आहे. डोक्यात रक्त असेल तर गोळीचा परिणाम उलटवतातच, पण व्हिटॅमिन के किती द्यायचं आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची, यावर न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मी समोरासमोर वाद घालताना बघितले आहेत. तन्वीला तो वाद रात्री सोडवायचा नाही.

आंबोली_धुकं

माझ्या वडिलांचं वेगळं झालं. पडले त्या दिवशी स्कॅन साफ होता. तीन आठवड्यांनी पाय ओढायला लागले, सगळे म्हणाले अर्धांगवायू. दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्त निघालं. तेव्हापासून मला वाटतं, पहिला स्कॅन वाचणाऱ्याने चूक केली. ती खिडकी त्याने बदलली नसेल का?

रात्रपाळी_रेडिओ

पहिला स्कॅन न बघता मी कोणाची चूक ठरवणार नाही. म्हाताऱ्या माणसांत पहिल्या दिवशी खरंच काही नसतं आणि हळूहळू झिरपून साचतं, असंही होतं. एक मात्र सांगते. दोन-तीन आठवड्यांत त्या रक्ताचा आकडा उतरत मेंदूइतकाच होतो. तेव्हा कुठलीही खिडकी लावली तरी रंग सारखाच दिसतो. मग मेंदूच्या घड्या एका बाजूला दबल्या आहेत का, तेवढ्यावरून ओळखावं लागतं. वडील आता कसे आहेत?

आंबोली_धुकं

दोन भोकं पाडून काढलं. आता बागेत जातात, काठी घेऊन.

चिऱ्याचीपायरी

सगळ्यांचे आभार. मधला भाग पुन्हा लिहिला:

"'टेंगूळ कुठे आहे?' 'उजवीकडे, मागे.' 'गोळ्या?' तन्वीने आजींकडे बघितलं. आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडली, रेशनकार्डाच्या खालून अर्धी संपलेली स्ट्रिप काढली. 'ही रोज संध्याकाळी. झडपेची.' तिकडे माउसचा एक आवाज झाला. 'तन्वी, चित्र आलं. थांब, खिडकी उघडते.'"

एकच अडलंय. मॅडमनी हे फोनवर सांगितलं, लेखी रिपोर्ट सकाळी येणार. मधल्या वेळात आजोबांना काही झालं तर कोणाचा शब्द धरतात?

डॉ_घाटमाथा

समोर जो डॉक्टर आहे त्याचा. माझ्या मते.

रात्रपाळी_रेडिओ

मला हे पूर्ण पटत नाही. तोंडी सांगितलं तरी मी सांगितलेलं असतं. म्हणून मी फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा प्राथमिक रिपोर्ट टाइप करून पाठवते.

स्लाइस_पाच_एमएम

वाद तुमचा चालू द्या, एक छोटी गोष्ट सांगतो. फाइल कधी चढली, कधी उघडली, याची वेळ सर्व्हरवर पडते. त्या पडद्यावर फोनची वेळ कुठेच पडत नाही. आमच्या रात्रीच्या डॉक्टर ती केसपेपरच्या समासात पेनाने लिहितात, २.४० ला अमुक सांगितलं म्हणून. तन्वीच्या हातात पेन द्या.