बाटलीत रक्त किती पडलं ते आधी बघा

"कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे रक्तात जंतू नव्हतेच ना?"

तसं म्हणता येत नाही. कल्चर म्हणजे रक्त खास बाटलीत घालून त्यात जंतू वाढतात का ते बघणं. संसर्ग असतानाही मोठ्या माणसाच्या एक मिली रक्तात कधीकधी एखादाच जिवंत जंतू असतो, म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं. आमच्या लॅबमध्ये तीन मिलीच्या बाटल्या सर्रास येतात; शीर सापडत नव्हती म्हणे! अँटिबायोटिकचा डोस आधीच गेला असेल तर आणखी पंचाईत. काही बाटल्यांतलं रेझिन औषध शोषून घेतं, पण मेलेला जंतू काही जिवंत होत नाही.

आमच्याकडच्या बाटलीच्या तळाशी एक चकती असते. जंतू वाढताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, तशी ती हिरवटाची पिवळी होते आणि मशीन ते टिपतं. मध्यंतरी एका रुग्णाच्या चारपैकी एकाच बाटलीत, तेही दुसऱ्या दिवशी रात्री, त्वचेवर नेहमी असणारा स्टॅफिलोकॉकस उगवला. तो बहुधा सुईबरोबर कातडीवरूनच आत गेलेला. दोन्ही हातांच्या बाटल्यांत निघाला असता, तर आम्ही लगेच वॉर्डात फोन केला असता. दोन वेगळ्या जागी टोचतात ते याचसाठी.