मदत हवी आहे: डोनेट करण्याआधी हे पेज खरं कसं ओळखायचं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका लहान मुलाच्या लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी फंडरेझरची लिंक आलीये, परळचं हॉस्पिटल, द्यायची इच्छा आहे पण काही गोष्टी खटकतायत. एस्टिमेट हॉस्पिटलच्या लेटरहेडवर आहे, सही-शिक्का सगळं आहे, पण रक्कम १८ लाख आणि पेजवर टार्गेट ३० लाख. ट्रान्सप्लांटनंतरची औषधं, आयसीयूचे जास्तीचे दिवस, डोनरचा खर्च धरला तर फरक पडू शकतो हे मान्य, पण तसं कुठे लिहिलेलं तर पाहिजे ना? शिवाय तारीख चार महिन्यांपूर्वीची आणि नंतर एकही अपडेट नाही. सगळ्यात जास्त शंका मेसेजमधल्या वेगळ्या क्यूआर कोडची, स्कॅन केला तर नाव ना आईवडिलांचं ना प्लॅटफॉर्मचं, भलत्याच कुणाचं तरी येतंय, म्हणजे खरं पेज उचलून खाली कुणी स्वतःचा क्यूआर चिकटवलाय की काय?

मी हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा लँडलाइन नंबर काढलाय (पेजवरच्या नंबरला फोन करून काय उपयोग!), सोशल वर्करला पेशंटचा यूएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलने दिलेला पेशंट नंबर, सांगून विचारणार आहे. ते कन्फर्म करतात का, की प्रायव्हसी म्हणून टाळतात? आणि यूएचआयडी देऊन थेट बिलिंगला पैसे भरता येतात का, कोणी भरलेत?